स्वमग्नता : दोन भाषांच्या घरातील बाळ आणि पालकांच्या ध्यानात येणारी पहिली लक्षणे

कुंभकोणम आणि तंजावूरच्या परिसरात सतराव्या शतकापासून वसलेली मराठी कुटुंबे आजही घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ बोलतात. अशा घरातील मूल दीड-दोन वर्षांचे होऊनही बोलू लागले नाही, की घरातील वडीलधारी मंडळी बहुधा एकच कारण सांगतात : ‘दोन भाषा कानावर पडतात, म्हणून बाळ गोंधळले आहे, थोडा धीर धरा.’ हे कारण ऐकायला पटण्यासारखे असले तरी त्यात धोका आहे. दोन भाषा ऐकल्यामुळे कोणत्याही मुलाला स्वमग्नता होत नाही, आणि केवळ त्यामुळे बोलणे फार काळ खोळंबतही नाही. मात्र या समजुतीपोटी वर्ष-दोन वर्षे वाट पाहिली गेली, तर मदतीचा सर्वांत उपयुक्त काळ हातून निघून जातो. म्हणून स्वमग्नता म्हणजे काय, पालकांना ती प्रथम कशावरून जाणवते आणि शंका आल्यावर कोठे जावे, याची माहिती येथे दिली आहे.

स्वमग्नता म्हणजे काय

स्वमग्नता, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात, ही मेंदूच्या विकासातील एक भिन्नता आहे. तिची मुळे जन्मापूर्वीच रुजलेली असतात आणि ती आयुष्यभर सोबत राहते. ती दोन बाबतींत दिसून येते. पहिली बाब म्हणजे इतरांशी संवाद साधण्याची रीत : डोळ्याला डोळा देणे, हावभाव करणे, आपल्याला वाटलेली गंमत दुसऱ्याला दाखवणे, बोलण्यात देवाणघेवाण करणे. दुसरी बाब म्हणजे वागण्यातील ठरावीकपणा आणि इंद्रियांकडून येणाऱ्या अनुभवांची हाताळणी : तीच कृती पुन्हापुन्हा करणे, दिनक्रमात बदल न खपणे, आवाज, स्पर्श, प्रकाश, चव किंवा वास इतरांपेक्षा फार अधिक वा फार कमी जाणवणे. इंद्रियसंवेदनांतील या फरकाचा समावेश 2013 सालापासून निदानाच्या जगन्मान्य निकषांतही झाला आहे. निदानासाठी या दोन्ही बाबी आढळाव्या लागतात. नुसते उशिरा बोलणे म्हणजे स्वमग्नता नव्हे.

या अवस्थेला वर्णपट म्हणतात, कारण तिचे रूप प्रत्येक मुलात निराळे असते. एखादे मूल भरपूर बोलते, परंतु समोरच्याला रस आहे की नाही हे न जाणता एकाच विषयावर बोलत राहते. दुसरे मूल एकही शब्द उच्चारत नाही, पण घराची प्रत्येक वाट त्याच्या स्मरणात असते. काहींना दैनंदिन कामांत थोडी मदत पुरते, तर काहींना सतत कोणीतरी सोबत लागते. काही मुलांच्या बौद्धिक विकासातही विलंब असतो, अनेकांच्या नसतो.

आईवडिलांच्या संगोपनातील उणिवेमुळे स्वमग्नता होत नाही. आई नोकरी करते, मूल एकुलते एक आहे किंवा गरोदरपणी आईने ग्रहण पाहिले, यांपैकी कशाचाही तिच्याशी संबंध नाही. गोवर-रुबेलाच्या लसीमुळेही ती होत नाही. तसा दावा करणारा 1998 सालचा शोधनिबंध संबंधित वैद्यकीय नियतकालिकाने 2010 साली मागे घेतला. लसीच्या वयाच्या सुमारासच पहिली लक्षणे ठळक होऊ लागतात, एवढाच तो योगायोग आहे.

बोलण्याच्या आधीची खूण : बोट दाखवणे

पालक बहुधा शब्द मोजतात. परंतु स्वमग्नतेची खूण शब्दांच्याही आधी, बोटात आणि नजरेत दिसते.

सर्वसाधारण बाळ वर्षभराच्या सुमारास बोट दाखवू लागते. या बोट दाखवण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील फरक प्रत्येक पालकाने समजून घ्यावा. पहिला प्रकार मागण्याचा : फडताळावरील बिस्किटाच्या डब्याकडे बोट जाते, कारण बाळाला बिस्कीट हवे असते. दुसरा प्रकार दाखवण्याचा : भिंतीवर कावळा येऊन बसतो, बाळ त्याच्याकडे बोट करते, मग वळून आईकडे पाहते आणि पुन्हा कावळ्याकडे पाहते. त्याला कावळा नको असतो. ‘मी पाहतो आहे ते तूही पाहा,’ एवढेच त्याला सांगायचे असते. बाळ, आई आणि कावळा असा नजरेचा हा त्रिकोण म्हणजे सामायिक लक्ष होय. भाषा याच त्रिकोणात शिकली जाते. आई त्या क्षणी ‘काऊ’ म्हणते, शेजारीण ‘काक्का’ म्हणते आणि दोन्ही शब्द त्याच पक्ष्याला चिकटतात.

स्वमग्न बाळात हा दुसऱ्या प्रकारचा संवाद उशिरा येतो, क्वचित दिसतो किंवा दिसतच नाही. ते मोठ्यांचा हात मनगटाशी धरून हव्या त्या वस्तूवर नेऊन ठेवते, मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. मंदिराच्या दारात हत्ती उभा असला आणि वडिलांनी ‘तो बघ’ म्हणून बोट केले, तरी बाळाची नजर बोटाच्या दिशेने जात नाही.

दोन भाषांच्या घरासाठी ही खूण विशेष मोलाची आहे. बोट दाखवणे, नजर मिळवणे, हसण्याला हसून उत्तर देणे आणि हात हलवून निरोप घेणे यांना मराठी वा तमिळ अशी कोणतीच भाषा लागत नाही. म्हणून दोन भाषांमुळे या गोष्टी मागे पडू शकत नाहीत. त्या मागे पडल्या असतील, तर कारण दुसरीकडे शोधावे.

शब्द मोजायचे झाल्यास दोन्ही भाषांतील मिळून मोजावेत. बाळ घरात ‘पाणी’ आणि अंगणवाडीत ‘तण्णी’ म्हणत असेल, तर ते दोन शब्द धरावेत. एकाच भाषेतील शब्द मोजल्यास निरोगी बाळही मागे पडल्यासारखे भासते.

कोणत्या वयात काय पाहावे

पुढील गोष्टींपैकी एखादी आढळली म्हणून निदान होत नाही, पण तपासणीची वेळ आली आहे असे समजावे.

* नऊ महिने ते एक वर्षापर्यंत : नावाने हाक मारल्यावर बहुतेक वेळा वळून न पाहणे; हसण्याला हसून उत्तर न देणे; ‘बा-बा’, ‘दा-दा’ असे बडबडगाणे नसणे.
* दीड वर्षापर्यंत : दाखवण्यासाठी बोट न करणे, एखादी वस्तू आणून ‘हे बघ’ अशा भावाने पुढे न धरणे, मोठ्यांच्या कृतीची नक्कल न करणे, एकही अर्थपूर्ण शब्द नसणे.
* दोन वर्षांपर्यंत : ‘दूध दे’, ‘आई ये’ असे स्वतःहून जुळवलेले दोन शब्द नसणे, केवळ ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणणे; भातुकली किंवा खोटाखोटा फोन यांसारखा लटका खेळ नसणे.
* कोणत्याही वयात : येत असलेले शब्द, हावभाव किंवा माणसांतील रस हळूहळू नाहीसा होणे. काही मुलांमध्ये हे साधारण सव्वा ते दोन वर्षांच्या दरम्यान घडते. अशा वेळी मुळीच वाट पाहू नये.

इंद्रियांची वेगळी जाणीव

कुंभकोणम हे मंदिरांचे गाव आहे. उत्सवात नादस्वरम आणि तविल यांचा गजर, कर्पूर व फुलांचा वास, ओल्या दगडी फरशीचा गारवा, गर्दीतील धक्के, अंगावरील जरीचे टोचरे वस्त्र हे सारे एकाच वेळी बाळावर येऊन आदळते. बहुतेकांचा मेंदू यांतील अनावश्यक ते मागे सारतो. स्वमग्न मुलाच्या मेंदूला ही निवड कठीण जाते. त्याला सारेच समान तीव्रतेने जाणवते आणि काही वेळाने ते असह्य होते. मग मूल कान झाकते, किंचाळते, जमिनीवर लोळते किंवा पळत सुटते.

याला हट्ट समजून शिक्षा केली जाते. दोहोंतील फरक ओळखता येतो. हट्ट करणारे मूल मध्येच आपल्याकडे कोणी पाहते का हे पाहते आणि हवे ते मिळाले की थांबते. असह्य संवेदनेने कोलमडलेले मूल कोणाकडे पाहत नाही, खाऊ दिला तरी थांबत नाही आणि शांत जागी नेल्यावर हळूहळू सावरते. घरातही मिक्सरचा आवाज, कुकरची शिटी, केस कापणे, नखे काढणे किंवा ठरावीक स्पर्शाचे अन्न यांवरून हेच घडू शकते.

उलट बाजूही असते. काही मुलांना संवेदना कमी जाणवतात. पडून खरचटले तरी ती रडत नाहीत. काही मुले संवेदना शोधत राहतात : फिरत्या पंख्याकडे टक लावणे, खेळण्यातील गाडी उलटी करून नुसते चाक फिरवणे, प्रत्येक वस्तू हुंगणे, स्वतःभोवती गोल फिरणे. एकाच मुलात हे सर्व प्रकार एकत्रही दिसतात.

उपाय साधे आहेत. मंदिरात गर्दी नसलेल्या वेळी जावे, कानावर आवाज कमी करणारे आवरण द्यावे, जेथे जायचे त्याचे छायाचित्र आधी दाखवावे, आणि मिक्सर लावण्यापूर्वी सांगून मुलाला दुसऱ्या खोलीत न्यावे. सवय व्हावी म्हणून आवाजापाशी बळेच धरून ठेवू नये. त्याने भीती वाढते.

एक उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक आहे, परंतु त्यातील तपासणीचा क्रम प्रत्यक्षातील आहे. कुंभकोणममधील एका मराठी कुटुंबातील मुलगा वीस महिन्यांचा आहे. आजी त्याच्याशी मराठीत बोलते, शेजारची मुले तमिळमध्ये. त्याला तीन शब्द येतात, परंतु तो ते हाक मारण्यासाठी वा मागण्यासाठी वापरत नाही. आजीने नावाने हाक मारली तर तो वळत नाही, पण बिस्किटाचा कागद वाजला की धावत येतो. त्यावरून घरच्यांनी ठरवले की कान उत्तम आहेत, मूल केवळ आपल्या मर्जीचे आहे.

लसीकरणाच्या वेळी आईने ही गोष्ट आरोग्य परिचारिकेला सांगितली. तिने सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठीची वीस प्रश्नांची चाचणी-प्रश्नावली आईला समजेल अशा भाषेत विचारली. ‘तुमचे मूल एखादी मजेची गोष्ट दाखवण्यासाठी बोट करते का?’ अशा स्वरूपाचे ते प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे होय किंवा नाही अशी द्यावयाची असतात. दोनपर्यंत गुण आल्यास शक्यता कमी मानतात, आणि मूल दोन वर्षांहून लहान असल्यास दुसऱ्या वाढदिवसानंतर चाचणी पुन्हा घेतात. तीन ते सात गुण आल्यास त्याच प्रश्नांवर सविस्तर फेरमुलाखत होते. आठ किंवा अधिक आल्यास मुलाला थेट तज्ज्ञांकडे पाठवतात. या मुलाला सहा गुण आले. फेरमुलाखतीत उदाहरणे विचारली असता दोन उत्तरे बदलली आणि चार गुण उरले. फेरमुलाखतीनंतर दोन किंवा अधिक गुण उरल्यास पुढील तपासणी आवश्यक ठरते, म्हणून त्याला पुढे पाठवण्यात आले. ही चाचणी केवळ चाळणी आहे. तिच्यात अडकलेल्या प्रत्येक मुलाला स्वमग्नता असतेच असे नाही, आणि तीतून सुटलेल्या मुलाबाबत पालकांची शंका कायम असेल तर ती शंका ग्राह्य धरावी.

पुढचे पाऊल श्रवणतपासणीचे होते. कागदाचा आवाज ऐकू येणे म्हणजे बोलण्यातील सर्व स्वर ऐकू येणे नव्हे, म्हणून ही तपासणी कधीही वगळू नये. मूल झोपलेले असताना डोक्यावर आणि कानामागे तारा लावून मेंदूपर्यंत ध्वनी पोहोचतो की नाही हे पाहणारी बेरा तपासणी लहान मुलांसाठी उपयुक्त असते. त्याचे श्रवण चांगले निघाले. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांनी त्याला खेळताना पाहिले, आईवडिलांशी सविस्तर बोलणे केले आणि मग निदान केले. रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या चित्राने स्वमग्नतेचे निदान होत नाही.

येथे कुटुंबाला कोणीतरी सल्ला दिला : ‘मराठी बंद करा, फक्त तमिळ बोला.’ हा सल्ला पाळू नये. दोन भाषांत वाढणारी स्वमग्न मुले एका भाषेत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांपेक्षा भाषेत मागे राहतात, असे अभ्यासांत आढळलेले नाही. शिवाय आजीला तमिळमध्ये गोष्ट सांगता येत नसेल, तर मराठी बंद करणे म्हणजे आजीचे बोलणेच बंद करणे होय. ज्या भाषेत ज्याचे बोलणे सहज आणि मायेचे असते, त्या भाषेत त्याने मुलाशी बोलावे. उपचारतज्ज्ञ तमिळमध्ये शिकवत असतील, तर त्यांची पद्धत शिकून घ्यावी आणि घरी मराठीत वापरावी.

घरी काय करता येते

निदानाचा कागद हाती येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेल्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी खेळण्याची रीत शिकवली. हे कार्यकर्ते तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. ज्या कुटुंबांना हे शिक्षण मिळाले, त्यांतील पालक मुलाच्या कलाने अधिक प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. मुलाच्या इतर सर्व अडचणी त्याने दूर झाल्या नाहीत, परंतु पालकांच्या हाती उपयोगी साधन आले.

या रीतीचे सार असे आहे. मुलासमोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर जमिनीवर बसावे. त्याने जे उचलले असेल त्यातच रस घ्यावा. तो चाक फिरवत असेल तर आपणही फिरवावे. ‘हे काय? रंग सांग!’ असे प्रश्न विचारू नयेत. तो करत असलेल्या गोष्टीला एक-दोन शब्द द्यावेत : ‘चाक. गोल गोल.’ मग मनात दहापर्यंत अंक मोजत थांबावे. नजर, आवाज, हात पुढे करणे असा कोणताही प्रतिसाद आला की त्याला उत्तर समजून लगेच दाद द्यावी. दिवसातून दोन-तीनदा, दहा-दहा मिनिटे पुरेत. बहुतेक पालकांची चूक थांबण्यात होते : ते दोन क्षणांतच स्वतः बोलून टाकतात आणि मुलाची पाळी हुकते.

मोबाइल किंवा दूरचित्रवाणीमुळे स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. मात्र पडद्यासमोर गेलेला वेळ या देवाणघेवाणीतून वजा होतो, म्हणून दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे.

स्वमग्नता पूर्ण बरी करण्याचे आश्वासन देणाऱ्यांपासून सावध राहावे. तिच्यासाठी मूळ पेशींचे, म्हणजे स्टेम सेलचे, इंजेक्शन हा मान्य उपचार नाही. शरीरातील धातू काढून टाकण्याची औषधे घातक ठरू शकतात. झोप, फिट्स किंवा तीव्र अस्वस्थता असल्यास औषधे लागू शकतात, परंतु ती त्या त्या त्रासासाठी असतात.

कोठे जावे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याअंतर्गत आरोग्य पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. पथकाच्या फेरीची वाट न पाहता पालकांनी अंगणवाडी सेविका, आरोग्य परिचारिका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे शंका मांडावी. कुंभकोणममधील रहिवाशांना शासकीय जिल्हा मुख्यालय रुग्णालयाच्या बालरोग विभागात जाता येईल. तेथून मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची चिठ्ठी मागावी. सविस्तर मूल्यमापनासाठी चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे बहुविकलांग व्यक्तींच्या सक्षमीकरणाची राष्ट्रीय संस्था आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी स्वमग्नता मूल्यमापनाची भारतीय श्रेणी वापरली जाते. तीत 40 बाबी असून प्रत्येकीला एक ते पाच गुण दिले जातात. एकूण गुण 70 पेक्षा कमी असल्यास स्वमग्नता धरली जात नाही. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याचे संरक्षण मिळते आणि त्यात नियमित उपचारपद्धतींचा खर्चही येतो.

तपासणीला जाताना मुलाचा, शक्यतो घरातील खेळाचा, दोन-तीन मिनिटांचा चलचित्रपट मोबाइलवर घेऊन जावा. अनोळखी खोलीत मूल बावरते आणि घरी जे दिसते ते डॉक्टरांना दिसत नाही. कोणते शब्द कोणत्या भाषेत येतात, नावाने दहा वेळा हाक मारल्यास किती वेळा वळते, बोट कशासाठी दाखवते, कोणता आवाज सोसत नाही आणि एखादी येत असलेली गोष्ट केव्हा बंद झाली, हे एका कागदावर लिहून न्यावे. आजी, शेजारीण आणि अंगणवाडी सेविका यांनी पाहिलेलेही त्यात टिपावे, कारण प्रत्येकीला मुलाची निराळी बाजू ठाऊक असते.